एकनाड निघाली म्हणून स्थळ सोडण्याआधी: नाडीदोष कसा तपासायचा आणि त्याचे परिहार कोणते

तुळशीचं लग्न लागलं की लातूर, बीड, नांदेड, परभणीकडे बायोडाटे फिरायला लागतात. मुलगा बघितला, मुलगी पसंत पडली, शेती-नोकरी-पाहुणेरावळे सगळं मनासारखं निघालं, आता सुपारी फोडायची तेवढी राहिली, आणि मध्यस्थाचा फोन येतो: "गुरुजींनी पंचांग बघितलं, एकनाड हाय म्हणले. पाहुणे नको म्हणतेत." विषय तिथंच संपतो. पत्रिकेवर मंगळ असला तर निदान चार जणांना विचारतात. एकनाड म्हटलं की पुढे कोणी विचारतच नाही.

विचारायला हवं. कारण एकनाड, म्हणजे दोघांची नाडी एकच निघणं, ही दुर्मीळ गोष्ट नाही. नक्षत्रं २७, नाड्या तीन, प्रत्येक नाडीत नऊ नक्षत्रं. म्हणजे कोणतीही दोन स्थळं घेतली तरी तिनात एकदा एकनाड निघणारच. ज्या शास्त्राने हा दोष सांगितला त्यानेच तो कुठे लागत नाही, म्हणजे त्याचा परिहार, हेही सांगून ठेवलंय. पत्रिका मानणाऱ्या घराने दोष तेवढा मानावा आणि परिहार सोडून द्यावा, हे मला पटत नाही. पत्रिका बघायचीच असेल तर शेवटपर्यंत बघा. ती क्रमाने कशी बघायची ते पुढे देतो.

आधी भीती नेमकी कशाची आहे ते समजून घ्या

गुणमेलनात ३६ गुण असतात. वर्णाला १, वश्याला २, ताऱ्याला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७ आणि नाडीला ८. नाडी वेगळी असली तर आठच्या आठ गुण मिळतात, एक असली तर शून्य. अधलंमधलं काही नाही. म्हणजे एकनाड असलेल्या जोडप्याचे गुण बाकी सगळं उत्तम जुळूनही २८ च्या वर जात नाहीत. आणि १८ गुण पुरे असं एरवी म्हणणारे गुरुजीही नाडीचा शून्य दिसला की थबकतात.

थबकण्याचं कारण जुन्या श्लोकांची भाषा आहे. एकनाडीचं फळ म्हणून तिथे थेट मृत्यू, संतती न होणं, झाली तर न टिकणं असं लिहिलेलं सापडतं. मध्य नाडी तर सगळ्यांत वाईट मानतात. आद्य, मध्य आणि अंत्य या नाड्यांचा संबंध वात, पित्त आणि कफ या प्रकृतींशी जोडतात, आणि दोघांची प्रकृती एकच असली तर मूल अशक्त होतं असं त्यामागचं कारण सांगतात.

पण गावातली भीती श्लोकावर चालत नाही. कोणाला पाच-सहा वर्षं मूल झालं नाही की वाड्यातली म्हातारी माणसं म्हणतात, "पत्रिका न बघता केलं होतं." ज्यांची एकनाड होती आणि तीन लेकरं झाली त्यांची पत्रिका पुन्हा कोणी काढून बघत नाही. मुलीच्या आई-वडिलांची भीती तर आणखी खोल असते. पुढे काही कमीजास्त झालं तर "नाडी एक होती, तरी तुम्ही पोरगी गळ्यात घातली" हे आपल्या लेकीला ऐकावं लागेल, ही ती भीती. अशा बापाला "हे सगळं खोटं आहे" म्हणून उपयोग होत नाही. त्याच्या हातात ठोस काही द्यावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: जन्माची तारीख आणि वेळ पक्की करा

नाडी ठरते ती जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता त्यावरून. चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो आणि नक्षत्राचा एक चरण, म्हणजे चौथा भाग, साधारण सहा तासांत. म्हणजे तारखेत एका दिवसाची चूक असली तर नक्षत्रच बदलतं, आणि बहुतेक वेळा नाडीही.

आपल्याकडे ही चूक दोन ठिकाणी होते. पहिली जागा शाळेची. खेड्यापाड्यात दाखल करताना गुरुजींनी वय पूर्ण व्हावं म्हणून १ जून लिहिलेल्या किती तरी पिढ्या आहेत. दाखल्यावर, आधारवर १ जून, आणि बायोडाट्यातही तीच तारीख टाकलेली. त्या तारखेवर काढलेली पत्रिका त्या माणसाची नव्हेच.

दुसरी जागा मध्यरात्रीची. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाची तारीख रात्री बाराला. आई सांगते, "सोमवारी रात्री दोन वाजता झाला." तिच्या दृष्टीने ते बरोबर असतं, पण तारखेने तो मंगळवार असतो. पत्रिका काढणाऱ्याने सोमवारची तारीख आणि रात्रीचे दोन असं टाकलं की चंद्र पूर्ण एक दिवस मागे जातो. जन्मवेळ रात्री बारा ते पहाटे सहाच्या मधली असेल तर आईला किंवा आजीला एवढंच विचारा: "दिवस उजाडला तेव्हा कोणता वार होता?" त्या उत्तरावरून तारीख पक्की होते.

जन्मदाखल्यावर तारीख मिळते, वेळ मिळत नाही. वेळ दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा बाळंतपणाच्या कागदांत सापडते. गावाचं नाव थोडं इकडेतिकडे झालं, औशाऐवजी लातूर टाकलं, तर नक्षत्राला काही होत नाही. लग्नरास थोडी सरकेल, नाडी नाही. आणि दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीने काढलेल्या हव्यात. एक लाहिरी अयनांशावर आणि दुसरी भलत्याच अयनांशावर असेल तर चरण जुळवण्याला अर्थ राहत नाही.

जन्मवेळच ठाऊक नसेल तर काही ठिकाणी नावरास धरून गुण काढतात. बारशाला पत्रिका बघून त्या अक्षरावर नाव ठेवलं असेल तर ठीक. पण आजोबांचं किंवा देवाचं म्हणून नाव ठेवलं असेल तर त्या अक्षरावरून नाडी काढून स्थळ मोडणं हा दोन घरांवर अन्याय आहे.

दुसरी पायरी: नाडी नुसती विचारू नका, नक्षत्र, चरण आणि रास तिन्ही मागून घ्या

कोणाच्या तोंडी हिशेबावर विसंबून न राहता नाडी स्वतःला बघता यावी म्हणून यादी देतो.

आद्य नाडी: अश्विनी, आर्द्रा, पुनर्वसू, उत्तरा, हस्त, ज्येष्ठा, मूळ, शततारका, पूर्वाभाद्रपदा.

मध्य नाडी: भरणी, मृग, पुष्य, पूर्वा, चित्रा, अनुराधा, पूर्वाषाढा, धनिष्ठा, उत्तराभाद्रपदा.

अंत्य नाडी: कृत्तिका, रोहिणी, आश्लेषा, मघा, स्वाती, विशाखा, उत्तराषाढा, श्रवण, रेवती.

परिहार सगळा नक्षत्र, चरण आणि रास यांवर चालतो. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या "नाडी: आद्य, गुण: २७" एवढ्या ओळीवरून परिहार आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. बरीच ॲप्ससुद्धा शून्य दाखवून लाल रंग देतात आणि थांबतात, चरणभेद बघत नाहीत.

तिसरी पायरी: सर्वमान्य तीन परिहार लावून बघा

हे तीन परिहार रामदैवज्ञांच्या मुहूर्तचिंतामणीत विवाहप्रकरणात आहेत. ग्रंथ शके १५२२ चा, म्हणजे इ. स. १६०० चा. आपल्याकडचे गुरुजी मुहूर्तासाठी हाच ग्रंथ प्रमाण धरतात, त्यामुळे समोरच्या पक्षाशी बोलताना याचं नाव घेतलेलं उपयोगी पडतं.

पहिला: रास एक, पण नक्षत्रं वेगळी. तर नाडीदोष नाही. हा परिहार कोणत्या जोड्यांना लागू होऊ शकतो ते मोजता येतं, कारण एकाच राशीत एकाच नाडीची दोन नक्षत्रं फक्त सहा राशींत येतात. वृषभेत कृत्तिका आणि रोहिणी, मिथुनेत आर्द्रा आणि पुनर्वसू, कन्येत उत्तरा आणि हस्त, तुळेत स्वाती आणि विशाखा, मकरेत उत्तराषाढा आणि श्रवण, कुंभेत शततारका आणि पूर्वाभाद्रपदा. बारकाईने बघितलं तर या यादीत मध्य नाडीची एकही जोडी नाही. म्हणून मध्य नाडीच्या जोडप्याला कोणी "रास एक आहे, नक्षत्र वेगळं आहे, चालतं" असं सांगितलं तर कुठेतरी नक्षत्र चुकलंय असं खुशाल समजा.

दुसरा: नक्षत्र एक, पण राशी वेगळ्या. काही नक्षत्रं दोन राशींत विभागलेली असतात. कृत्तिका, मृग, पुनर्वसू, उत्तरा, चित्रा, विशाखा, उत्तराषाढा, धनिष्ठा आणि पूर्वाभाद्रपदा अशी ही नऊ. उदाहरणार्थ चित्राचे पहिले दोन चरण कन्येत आणि पुढचे दोन तुळेत. मुलगा चित्रा पहिला चरण आणि मुलगी चित्रा तिसरा चरण असेल तर नाडी मध्य असूनही दोष धरत नाहीत. या जोडीत राशी शेजारच्या असल्याने राशिकूटाचे गुण जातात. गुरुजींनी ते वेगळं काढलं तर नाडीशी त्याची गल्लत करू नका.

तिसरा: नक्षत्र एक, रासही एक, पण चरण वेगळे. हेही शुभ धरलं आहे. नक्षत्र आणि चरण दोन्ही एकच असतील तर मात्र हा परिहार मिळत नाही. काही कडक गुरुजी इथे पादवेधही बघतात: पहिल्या चरणाचा चौथ्याशी आणि दुसऱ्याचा तिसऱ्याशी वेध मानतात, बाकीच्या चरणांत दोष किरकोळ. गुरुजींनी हा मुद्दा काढला तर तो मनचा नाही, शास्त्रात आहे.

या तीन परिहारांनी किती जोड्या सुटतात? मी नक्षत्रं आणि चरण मांडून हिशेब केला तर एकनाड निघालेल्या साधारण आठ जोड्यांत एक जोडी सुटते. भरणीचा मुलगा आणि पुष्याची मुलगी असेल तर हे तिन्ही परिहार लागत नाहीत. ओढूनताणून लावूही नयेत.

एक उदाहरण मांडून बघू

मुलगा अंबाजोगाईकडचा, हस्त नक्षत्र, दुसरा चरण, कन्या रास. मुलगी औशाकडची, उत्तरा नक्षत्र, चौथा चरण, कन्या रास. दोघांची नाडी आद्य, म्हणून नाडीला शून्य. बाकी वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ३, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७. बेरीज २७. योनी आणि गणाच्या आकड्यांत कोष्टकागणिक अर्ध्या-एका गुणाचा फरक पडतो, त्यावर वाद घालू नये. ॲप सांगतं: नाडीदोष, विवाह टाळावा.

आता परिहार लावू. रास एक, कन्या. नक्षत्रं वेगळी, हस्त आणि उत्तरा. पहिला परिहार सरळ लागू. चरण दुसरा आणि चौथा, म्हणजे पादवेधही नाही.

एवढ्यावर न थांबता मुलीच्या जन्मवेळेची शंका घेऊन बघू. वेळ काही तासांनी पुढची निघाली तर चंद्र हस्ताच्या पहिल्या चरणात जातो. मग नक्षत्र एक, चरण वेगळे, तिसरा परिहार लागू. वेळ काही तास आधीची निघाली तर उत्तराचा तिसरा चरण, रास कन्याच, पहिला परिहार कायम. मध्यरात्रीच्या घोळाने पूर्ण एक दिवस मागे गेलं तर पूर्वा नक्षत्राचा शेवट येतो, सिंह रास, नाडी मध्य, म्हणजे एकनाडच उरत नाही. परिहार तुटायला मुलगी एकतर उत्तराच्या पहिल्या चरणात, सिंह राशीत जन्मलेली असायला हवी, नाहीतर मुलासारखीच हस्ताच्या दुसऱ्या चरणात. त्यासाठी खरी वेळ बारा तासांहून जास्त आधीची, नाहीतर सहा तासांहून जास्त पुढची निघायला पाहिजे. सकाळी झाली की रात्री, एवढं तर आईला आठवतंच.

असं मांडून दाखवलं की समोरचा बाप ऐकतो. "चालतं हो, आमच्या गुरुजींनी सांगितलं" आणि "हे बघा, रास एक, नक्षत्र वेगळं, वेळ काही तास मागेपुढे केली तरी सुटतं" यात फार फरक आहे.

चौथी पायरी: जिथे मतभेद आहेत तिथे मतभेद आहेत असंच म्हणा

तीन परिहारांखेरीज आणखी काही सांगितले जातात. दोघांचा राशिस्वामी एकच असला, जसं वृषभ आणि तूळ दोन्हींचा शुक्र, तर दोष सौम्य होतो असं काही गुरुजी मानतात, काही मानत नाहीत. रोहिणी, आर्द्रा, पुष्य, श्रवण, रेवती अशा काही नक्षत्रांना नाडीदोष लागतच नाही असाही श्लोक सांगतात, पण त्या यादीतल्या एकदोन नावांवर एकमत नाही. अशा परिहारावर लग्न ठरवायचं असेल तर दोन्हीकडच्या गुरुजींना तो मान्य आहे का हे सुपारीच्या आधी विचारून घ्या. नंतर विचारलं की भांडण होतं.

एका श्लोकात नाडीदोष ब्राह्मणांना, वर्णदोष क्षत्रियांना, गणदोष वैश्यांना आणि योनिदोष शूद्रांना असं वाटून दिलंय. त्यावरून मराठा, वंजारी, धनगर, लिंगायत घरांत "आपल्याला नाडी लागत नाही" असं सांगणारे भेटतात. कोणी तो वर्ण जातीचा न धरता राशीचा धरतात, म्हणजे कर्क, वृश्चिक आणि मीन या विप्र राशींना. मी हा परिहार कोणाला पुढे करायला सांगत नाही. ज्या घराने एरवी मुलांना जात बघून माणूस मोजू नको म्हणून शिकवलं, त्या घराने सोयीपुरतं जातीचं कारण काढू नये.

शांतीचंही इथेच. परिहार लागू असेल तर दोष नाही, मग शांती कशाची? "परिहार आहे, पण शांती करावीच लागेल" असं सांगून मोठी रक्कम मागणाऱ्याला हाच प्रश्न नम्रपणे विचारा. परिहार लागत नसेल आणि लग्न करायचंच असेल तर महामृत्युंजयाचा जप आणि धान्य, वस्त्र, सोनं असं यथाशक्ती दान सांगितलंय. यथाशक्ती म्हणजे कर्ज काढून नव्हे.

पाचवी पायरी: रक्तगटाचा आणि नाडीचा गोंधळ सोडवा

"एकनाड म्हणजे रक्तगट एक, म्हणून मूल होत नाही" हे आता शिकलेली मुलंही बोलतात. हे खरं नाही. नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून निघते, तिचा रक्ताशी संबंध नाही. एकाच दिवशी एकाच दवाखान्यात जन्मलेल्या मुलांची नाडी बहुधा एक निघेल, रक्तगट वेगवेगळे निघतील. आणि नवरा-बायकोचा रक्तगट एक असल्याने मूल व्हायला कसलीही अडचण येत नाही.

रक्तात बघायची गोष्ट वेगळी आहे. मुलीचा गट निगेटिव्ह आणि मुलाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि त्याचा त्रास पुढच्या बाळंतपणात होऊ शकतो. त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे: साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. हे लग्न मोडायचं कारण नाही, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायची गोष्ट आहे. थॅलेसेमिया आणि सिकलसेलची वाहक तपासणी मात्र लग्नाआधी करून घ्यावी. दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकटाच वाहक असेल तर बाळाला तो आजार होत नाही.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम मांडतो, कारण आपल्या भागात ती कोणी उघड बोलत नाही. परक्या घरचं चांगलं स्थळ एकनाड म्हणून सोडायचं आणि मग "घरचीच आहे, बघायचं काय" म्हणत मामाच्या मुलीशी लग्न लावायचं, असं इथे अजून होतं. सख्ख्या मामा-आत्याच्या मुलांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा एक असतो, आणि घराण्यात दडलेला आजार बाळात उघडा पडण्याची शक्यता त्यामुळे वाढते. संततीची काळजी म्हणून नाडी बघत असाल तर ही काळजी त्याच तराजूत घाला.

परिहार लागलाच नाही तर

आठांतल्या सात घरांना हाच प्रश्न पडतो. अशा वेळी गुरुजींना एवढंच विचारा की नाडी बाजूला ठेवून दोन्ही पत्रिकांत पाचवं स्थान आणि सातवं स्थान कसं आहे. संतती आणि संसार मुळात तिथून बघतात, गुणमेलनाचं कोष्टक फक्त चंद्राच्या नक्षत्रावर आणि राशीवर चालतं. अनुभवी गुरुजी हे सांगतील. फक्त कोष्टकावर बोट ठेवणारा असेल तर दुसऱ्याकडे जा. लिंगायत घरात स्वामींचा शब्द चालतो, तर त्यांनाही हेच विचारा.

त्यानंतर मुलाला आणि मुलीला समोरासमोर बसवून विचारा. त्यांना एकनाड माहीत असू द्या, लपवू नका. लपवलेली पत्रिका चार वर्षांनी भांडणात बाहेर येते, आणि तेव्हा ऐकून घ्यायला सून एकटीच असते. दोघं हो म्हणाले आणि तरी एखाद्या घराच्या मनातून भीती जात नसेल, तर स्थळ सोडलेलं बरं. रोज मुलीच्या पोटाकडे बघत बसणाऱ्या घरात तिला देऊ नका. पण नाही म्हणायचं ते लवकर आणि स्पष्ट. मध्यस्थाला सांगा, "एकनाड आहे, परिहार लागत नाही, आमच्या मनाला पटेना. मुलीत काही खोट नाही." शेवटचं वाक्य त्याला तसंच्या तसं पुढे पोचवायला सांगा, म्हणजे त्या मुलीचं पुढचं स्थळ तुमच्या नकाराने अडायचं नाही.